पाइप आधी आला, होकार राहिला

पिंपरी-चिंचवडचे पाणी रावेतला उचलले जाते. पवना धरणातून सोडलेले पाणी सुमारे 35 किलोमीटर नदीच्या पात्रातून वाहत येते, रावेतच्या बंधाऱ्याशी अडते, जॅकवेलमध्ये शिरते, पंपाने निगडीच्या सेक्टर 23 मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात चढते आणि तिथून शहरभर जाते. रावेतला वीज गेली की अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडतात.

आणि त्याच रावेतच्या नव्या सोसायट्यांच्या फाटकावर टँकर उभा असतो.

पाऊस कमी पडला म्हणून? नाही. 2019 च्या पावसाळ्यात पवना धरण भरले होते. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. तात्पुरते म्हणून. त्या 'तात्पुरत्या'त मुले प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत गेली.

धरण भरलेले, तिजोरी भरलेली, राज्यातल्या श्रीमंत महापालिकांत नाव. मग अडले कुठे?

हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधले प्राध्यापक मार्क मूर यांनी 1995 मध्ये 'क्रिएटिंग पब्लिक व्हॅल्यू' हे पुस्तक लिहिले. सरकारी अधिकाऱ्याने काम कसे जोखावे, यासाठी त्यांनी एक त्रिकोण दिला. पहिला कोपरा हेतूचा : या कामातून लोकांचे नेमके काय भले होणार? दुसरा पाठबळाचा : ज्यांच्या होकारावाचून हे काम उभे राहणार नाही, त्यांचा होकार आहे का? तिसरा ताकदीचा : पैसा, माणसे, यंत्रे आणि कौशल्य आहे का?

मूर यांचा आग्रह एवढाच की तिन्ही कोपरे एकाच वेळी तपासायचे. एक आधी, दुसरा मग, तिसरा जमले तर, असे चालत नाही. एखादा कोपरा लंगडा निघाला तर तो सुधारायचा किंवा हेतूच बदलायचा. पण तसेच पुढे रेटायचे नाही.

आपल्याकडे नेमके काय केले? रेटले.

2008 मध्ये महापालिकेने पवना बंद जलवाहिनीचे काम सुरू केले. धरणातून थेट निगडीपर्यंत बंद पाइप. खर्च सुमारे 400 कोटी, केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून. हेतू उत्तम होता, हे मोकळेपणाने सांगायला हवे. नदीतून येताना पाणी झिरपते, उन्हाने उडते, वाटेतल्या गावांचे सांडपाणी त्यात मिसळते, रावेतला जलपर्णी आणि गाळ जॅकवेलच्या तोंडाशी येतो. पाइपमधून आलेले पाणी स्वच्छ असते, शुद्धीकरणाला तुरटी आणि क्लोरीन कमी लागते, उपशाची वीज वाचते. पहिला कोपरा पक्का.

तिसराही बऱ्यापैकी पक्का. निधी आला, ठेकेदार नेमला गेला, पाइप येऊन पडले, शहराच्या हद्दीतला थोडा टप्पा टाकूनही झाला.

मधला कोपरा कुणी तपासला?

फायलीत पाहाल तर तोही भरलेला दिसेल. महासभेचा ठराव आहे. केंद्राची मंजुरी आहे. राज्याची आहे. पाण्याचा कोटा आहे. सगळ्या सह्या जागच्या जागी आहेत. पण या सगळ्या सह्या वरच्या दिशेच्या आहेत. पाइप जाणार होता मावळातून, आणि मावळच्या शेतकऱ्याला पिंपरी-चिंचवडच्या महासभेसाठी मत नाही.

हद्दीबाहेरचा माणूस म्हणजे हिशेबाबाहेरचा माणूस, अशी समजूत करून घेतली गेली.

मावळचा प्रश्न तरी काय होता? पवनेच्या काठावर शेतकऱ्यांचे पंप आहेत. नदी वाहते तोवर विहिरींना पाझर असतो. धरणातले पाणी पाइपात घातले तर उन्हाळ्यात पात्रात काय उरणार? हा प्रश्न अडाणी नाही. जलसंपदा खात्यातला कोणताही अभियंता पहिल्यांदा हाच विचारेल. पात्रात महिन्याला किमान किती पाणी सोडणार, त्याची नोंद कोण ठेवणार, सोडले नाही तर कुणाला जाब विचारायचा, एवढ्या तीन गोष्टी लेखी हव्या होत्या. भाषणात मिळालेला शब्द शेतकऱ्याने किती काळ धरून बसायचे?

त्यात जुनी जखम. हेच धरण बांधताना मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. बाराशेवर खातेदारांपैकी पर्यायी जमीन मिळाली ती साडेतीनशेच्या आतल्यांना. उरलेल्यांची पुढची पिढी अजून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते आहे. ज्यांचे आधीचे देणे फिटलेले नाही, त्यांच्या दारात नवे मागणे घेऊन गेलात तर दार उघडेल?

9 ऑगस्ट 2011. क्रांतिदिन. मावळचे शेतकरी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले.

काम थांबले.

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने स्थगिती उठवली. म्हणजे बारा वर्षांनी. मावळात लगेच पुन्हा सर्वपक्षीय विरोध उभा राहिला. स्थगिती सहीने उठते. विरोध सहीने उठत नाही. दरम्यान पाइप उघड्यावर पडून राहिले आणि 400 कोटींचे अंदाजपत्रक जुन्या काळातले झाले.

इथे मूर यांच्या दुसऱ्या पुस्तकाची आठवण करून द्यायला हवी. 2013 च्या 'रेकग्नायझिंग पब्लिक व्हॅल्यू' मध्ये त्यांनी सार्वजनिक कामाचा जमाखर्च मांडायची रीत सांगितली. जमेच्या बाजूला समाजाला मिळालेले फायदे. खर्चाच्या बाजूला पैसा तर आहेच, पण न ठरवता झालेले नुकसानही आहे. आणि वापरलेली राज्यसत्तेची ताकदही खर्चातच धरायची. सक्ती केली, जमीन घेतली, पोलीस लावले, तर तो खर्च आहे.

आपल्या कुठल्या प्रकल्प अहवालात हा रकाना असतो?

बंदोबस्ताचा खर्च म्हणजे डिझेल आणि भत्ता, असे आपले खाते समजते. बऊरला जे खर्ची पडले, ते कुठल्याच खात्यावर पडलेले नाही. म्हणून तर बारा वर्षांनी तोच प्रकल्प त्याच वाटेने पुन्हा बाहेर काढताना कुणाला तोटा दिसत नाही.

आता तिसऱ्या कोपऱ्याकडे या. तिथेही सगळे आलबेल आहे असे समजू नका.

दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हा रावेतचा उपसा कमी झाला नव्हता. तेवढेच पाणी उचलले जात होते, रोज पाचशे दशलक्ष लिटरच्या आसपास. फरक एवढाच की आज अर्ध्या शहराला, उद्या उरलेल्या अर्ध्याला. का? सगळीकडे एकाच वेळी सोडले तर शेवटच्या टोकाला दाब पोहोचत नाही. अर्ध्यांना सोडले तर पोहोचतो. म्हणजे कमी पडत होते ते धरण नव्हते. कमी पडत होता बंधारा, पंप, शुद्धीकरण केंद्र आणि जमिनीखालचे जाळे.

साधा गुणाकार-भागाकार करा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाख होती. 2019 मध्ये ती 25 लाख धरा. पाचशे दशलक्ष लिटर भागिले 25 लाख, म्हणजे माणशी रोज 200 लिटर. शहरासाठीचा मापदंड 135 लिटरचा.

मग टंचाई कसली?

गळतीची. महापालिकेतूनच वर्षानुवर्षे 35 ते 40 टक्के हा आकडा ऐकू येतो. 40 धरा. माणशी 200 मधले 80 गेले, उरले 120. मापदंडाच्या खाली. आता गळती 40 वरून 20 वर आणली असे समजा. माणशी 160 होतात. शहराच्या हिशेबात रोज 100 दशलक्ष लिटर वाचले.

आंद्रा धरणातून शहराला मंजूर झालेला सगळा कोटा किती? रोज 100 दशलक्ष लिटर.

म्हणजे एक अख्खे आंद्रा आपल्याच रस्त्याखाली झिरपते आहे. किंवा पळवले जाते आहे. त्यासाठी मावळात कुणाची जमीन लागत नाही, कुणाचा पंप बंद पडत नाही, द्रुतगती मार्ग अडवला जात नाही.

मग हे काम आधी का झाले नाही?

कारण गळती शोधणे हे चिकाटीचे काम आहे. एक भाग निवडायचा, त्याला पाणी जाणाऱ्या सगळ्या वाटा बंद करून एकच ठेवायची, तिच्यावर मीटर बसवायचा. मग पहाटे दोन ते चारच्या सुमारास मीटर वाचायचा. त्या वेळी कुणी आंघोळ करत नाही, कपडे धूत नाही. तरीही मीटर जोरात फिरत असेल, तर पाणी जमिनीत जाते आहे. जगभर गळती अशीच पकडतात.

पण यासाठी नळाला चोवीस तास दाब लागतो. दिवसाआड पाण्यात वाहिनी रिकामी होते, पाणी सुटले की घराघरांतल्या टाक्या भरू लागतात, पहाटेचा आकडा खरी गळती सांगतच नाही. म्हणजे टंचाईवरचा उतारा म्हणून दिवसाआड पाणी, आणि दिवसाआड पाण्यामुळे टंचाईचे कारण मोजता येत नाही. चोवीस तास पाण्याच्या योजनेवर याच शहराने पैसे घातले आहेत. तो दाब निदान काही भागांत सलग टिकवला तरी आजार दिसायला लागेल.

दिसला तरी पुढे काय? गळतीतला एक हिस्सा फुटक्या वाहिन्यांचा, तो खोदून दुरुस्त होतो. दुसरा हिस्सा बेकायदा नळजोडांचा. तो तोडायला गेलात की फोन येतो.

पाठबळाचा कोपरा इथेही आडवा आला की नाही?

चोरून घेतलेल्या नळजोडालाही त्याचा पाठीराखा असतो. तो प्रभागात ओळखीचा असतो. वसाहत अनधिकृत, घर अनधिकृत, पण माणसाची तहान खरी आणि मतही खरे. फक्त तोडून भागणार नाही. जोड नियमित करून मीटर लावा, बिल घ्या, दंड हप्त्याने घ्या. माणसाला पाणी मिळते, पालिकेला आकडा मिळतो आणि पाठीराख्याला मिरवायलाही काही उरते. मूर पाठबळ मिळवायचे म्हणतात ते असे. ते मागून मिळत नाही, कामाची आखणी बदलून मिळवावे लागते.

याच शहरात उलटा धडाही आहे. श्रीकर परदेशी 2012 मध्ये आयुक्त म्हणून आले. अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालवला, तक्रारींसाठी 'सारथी' हेल्पलाइन सुरू केली. हेतू स्पष्ट, यंत्रणा हलवण्याची ताकद दिसलेली, सामान्य नागरिक बाजूने. आणि फेब्रुवारी 2014 मध्ये मुदत पुरी होण्याआधी बदली. लोक रस्त्यावर आले, बदली थांबली नाही.

नागरिकांचे कौतुक हे पाठबळ आहे. पण बदलीच्या आदेशावर सही नागरिकांची नसते.

म्हणजे आयुक्ताने प्रत्येक नेत्याचे ऐकावे? मुळीच नाही. ज्यांचा तोटा होणार आहे त्यांची यादी हातोडा उचलण्याआधी करावी, आणि त्यातल्या गरिबाला कुठे हलवणार याचे उत्तर खिशात असावे. ते उत्तर नव्हते. आधीच्या आयुक्तांकडे नव्हते, नंतरच्यांकडेही नव्हते. अनधिकृत बांधकामे राहिली, आणि त्यांना पाणी द्यायचे की नाही हा प्रश्नही राहिला.

त्रिकोणाला विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचे ऐकायला हवे. रॉड ऱ्होड्स आणि जॉन वॅना या दोघा अभ्यासकांनी 2007 मध्ये मूर यांना खडसावले. लोकांचे भले कशात हे अधिकाऱ्याने ठरवायचे, तर मग निवडून दिलेल्यांनी काय करायचे? प्लेटोच्या ज्ञानी रक्षकांसारखे अधिकारीच राज्य करू लागतील, अशी त्यांची हरकत.

ही हरकत पुस्तकी वाटते? मार्च 2022 आठवा. नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक वर्षानुवर्षे लांबली, प्रशासक आले. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि महासभा व स्थायी समितीचे अधिकार हाती असलेले प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा. एकाच टेबलावर. मागणारी सही तीच, देणारीही तीच.

कागदावर याहून भक्कम पाठबळ असूच शकत नाही. प्रत्यक्षात याहून पोकळ नाही. ज्या कामावर कुणी सभागृहात आवाजच चढवला नाही, त्यातली खोट बाहेर येते ती थेट रस्त्यावर.

मूर यांची बाजू घेऊन एवढे सांगायला हवे की मूल्य अधिकाऱ्याने एकट्याने ठरवावे असे त्यांचे म्हणणे नाही. अधिकाऱ्याने प्रस्ताव मांडावा, राजकारणाने तो तासून घ्यावा. पण त्यासाठी तासणारे जागेवर हवेत. आणि तासणारे म्हणजे फक्त आपल्या हद्दीतले नव्हेत.

रावेतचेच पाहा. 1997 मध्ये गाव महापालिकेत आले. मग रस्ते आले, पूल आले, त्यांच्या दुतर्फा इमारती आल्या. महापालिकेचे पाणी पुरेसे येईपर्यंत बिल्डर पाणी पुरवील, असे हमीपत्र घेऊन परवानग्या दिल्या गेल्या. बिल्डर इमारत सोसायटीच्या ताब्यात देतो आणि पुढच्या कामाला लागतो. हमीपत्र फायलीत राहते, टँकरचे बिल सोसायटीच्या देखभाल खर्चात येते.

ताकद नाही हे ठाऊक होते. म्हणून तर हमीपत्र घेतले.

म्हणजे तिसरा कोपरा रिकामा असल्याची लेखी कबुली महापालिकेनेच स्वतःच्या हाताने गोळा करून ठेवली आहे, इमारतीमागून इमारत. ती सगळी हमीपत्रे एकत्र करून बेरीज केली तर किती घरांना पाणी देण्याची सोय नसताना परवानगी दिली, हा आकडा एका आठवड्यात हाती येईल. कुणी मागितला आहे?

प्रकल्प कोसळणार हे आधी ओळखता येते का? येते. पाइपची ऑर्डर संमतीआधी गेली, की समजावे. जनसुनावणी ज्यांच्या दारात व्हायला हवी त्यांच्या दारात न होता पालिकेच्या सभागृहात झाली, की समजावे. विरोध करणाऱ्यांचे वर्णन 'काही घटक' असे होऊ लागले, की समजावे. आणि प्रश्न पाण्याचा विचारला असता उत्तर निविदेचे मिळू लागले, की मग पक्के समजावे.

बंद जलवाहिनी कायमची सोडून द्या, असे माझे म्हणणे नाही. रावेतच्या बंधाऱ्यात येणारे पाणी दरवर्षी घाण होते आहे, शहर वाढते आहे, कधी ना कधी पाइप लागेल. पण क्रम बदलावा लागेल. आधी आपली गळती 20 टक्क्यांवर आणून दाखवा. रस्त्याखाली एक धरण वाया घालवणाऱ्या शहराने मावळकडे दुसरे मागू नये, हे मावळला कळते आणि पिंपरीलाही कळायला हवे. मग राहिलेल्या धरणग्रस्तांच्या जमिनीचा निकाल राज्य सरकारकडून लावून घ्या, कारण ते देणे महापालिकेचे नसले तरी अडते ते महापालिकेचेच. आणि त्यानंतर सुनावणी घ्या.

कुठे? बऊरला. महापालिकेच्या वातानुकूलित सभागृहात नको. जलसंपदा खात्याच्या कार्यकारी अभियंत्याने महिन्यावार आकडे घेऊन यावे : जानेवारीत पात्रात किती सोडणार, एप्रिलमध्ये किती, मे महिन्यात किती. ते मोजणारे मीटर कुठल्या गावाजवळ बसणार आणि त्याचा आकडा रोज कुठल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार, हेही तिथेच ठरावे. आयुक्तांनी समोर बसावे, खासदार-आमदारांनीही. आणि काठावरच्या शेतकऱ्याने मे महिन्याचा आकडा अपुरा आहे असे म्हटले, तर पाइपचा व्यास त्या दिवशी बदलावा. निविदा त्याच्या दुसऱ्या दिवशी काढावी.